'मजकुरात नाही' हा चौकोन कधी भरायचा?

*मी नाशिक रोडला राहते. नर्सिंग झालंय, जर्मनीला जायचं म्हणून वर्षभर जर्मन शिकतेय, आता बी-वन पातळीला आहे. आमच्या क्लासच्या परीक्षेत वाचनाचा एक भाग असतो: पानभर मजकूर, 10 विधानं, 20 मिनिटं आणि प्रत्येक विधानापुढे तीन चौकोन. रिश्टिश, फाल्श, निश्ट इम टेक्स्ट. म्हणजे बरोबर, चूक, मजकुरात नाही. मी 5-6 मार्कांच्या वर जात नाही. मजकूर कळतो, मराठीत सांगायला लावला तर सांगते, पण तिसऱ्या चौकोनापाशी घोळ होतो. मैत्रीण म्हणते, विधानातला शब्द मजकुरात दिसला नाही की डोळे झाकून तिसरा चौकोन. दुसरा एक जण म्हणतो, दहात तीन 'निश्ट इम टेक्स्ट' असतातच, मोजून टाक. सर म्हणतात, शब्द पाठ कर. दोन महिन्यांनी पुण्याला गोएथे इन्स्टिट्यूटची बी-वन परीक्षा द्यायची आहे. शब्द कमी पडतायत म्हणून परीक्षा पुढे ढकलू का?*

नमस्कार,

परीक्षा ढकलायची की नाही ते शेवटी बघू. आधी सरांच्या निदानाबद्दल थोडी शंका घेते. शब्द कमी असते तर मजकूर मराठीत सांगताना तुम्ही अडखळला असता. तुम्ही तर तो सांगता. मग अडतंय ते बहुधा जर्मनमध्ये नसून प्रश्न काय विचारलाय ते ओळखण्यात अडतंय. हे तपासायचं तर जर्मन थोडा वेळ बाजूला ठेवू या.

समजा, पेपरात बातमी आली: "लासलगाव बाजार समितीत या आठवड्यात कांद्याचे भाव चढले. शेतकऱ्यांनी समाधान व्यक्त केलं." आणि खाली विधान आहे: "कांद्याची आवक घटली." नाशिक जिल्ह्यातला कुठलाही माणूस मान डोलावेल, घटलीच असणार, त्याशिवाय भाव चढतील कसे? पण बातमीत आवकेचं नाव नाही. मागणी वाढली असेल, निर्यात खुली झाली असेल, काहीही असेल. उत्तर आहे 'मजकुरात नाही', आणि ते चुकतं ते कांदा ठाऊक असलेल्याचंच. ज्याला कांद्यातलं काही कळत नाही तो बिचारा बरोबर उत्तर देऊन मोकळा होतो.

आता दुसरं बघा. "पंचवटीतलं ते दुकान सोमवारी बंद असतं." विधान: "रविवारी दुकान उघडं असतं." बरोबर वाटतं ना? पण सोमवारी बंद म्हणजे रविवारी उघडं, असं दुकानदाराने कुठे म्हटलंय? रविवारीही बंद असू शकतं. तेच वाक्य "दुकान फक्त सोमवारी बंद असतं" असं केलं की रविवारचं विधान बरोबर होतं. एका 'फक्त'ने उत्तर फिरलं. तुमचा सगळा खेळ या एवढ्याशा जागेत आहे.

तीन चौकोन दिसायला एका रांगेत असले तरी ते एका जातीचे नाहीत. 'बरोबर' आणि 'चूक' या दोन्हींना मजकुरात पुरावा लागतो. बहुतेक जण पुरावा फक्त 'बरोबर'साठी शोधतात आणि सापडला नाही की 'चूक' लिहितात. पण पुरावा न सापडणं म्हणजे चूक नव्हे. 'चूक' लिहायचं तर मजकुरातल्या ज्या शब्दांमुळे ते विधान खरं असूच शकत नाही, त्या शब्दांवर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवायला जागाच नसेल तर तिसरा चौकोन.

यासाठी एक साधी चाचणी आहे आणि ती दर वेळी चालते. विधान घ्या, मनात त्याचं उलट विधान करा आणि दोन्ही आळीपाळीने मजकुराशेजारी ठेवून बघा. मूळ विधान मजकुराशी भांडत असेल तर फाल्श. उलटं विधान भांडत असेल तर मूळ रिश्टिश. आणि दोन्ही शेजारी गुण्यागोविंदाने नांदत असतील तर निश्ट इम टेक्स्ट. "आवक घटली" आणि "आवक घटली नाही", दोन्ही त्या बातमीशेजारी सुखाने बसतात. झालं.

आता जर्मनवर येऊ. खालची वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत, जरा मोठ्याने वाचा म्हणजे ओळखीची वाटतील.

"इन उन्झेरेम श्टाट्टाइल गिप्ट एस झाइट त्स्वाय यारेन आयने ओफेने फारराटवेर्कश्टाट. डोर्ट कान मान झाइन राट झेल्प्स्ट रेपारीरेन, नूर डास माटेरिआल मुस मान बेत्सालेन. आम आन्फांग कामेन फोर आलेम श्टुडेन्टेन, इन्त्स्विशेन झिन्ट डी माइस्टेन बेझूखर युबर फ्युन्फत्सिश. गेओफ्नेट इस्ट डी वेर्कश्टाट एर्स्ट आप झेश्त्सेन ऊर, वाइल आले हेल्फर टाग्सयुबर आर्बाइटेन. डेर एल्टेस्टे हेल्फर वोल्टे इम विंटर आउफह्योरेन, हाट एस झिश आबर आन्डर्स युबरलेक्ट."

अर्थ असा: आमच्या भागात 2 वर्षांपासून सायकल दुरुस्तीचं एक खुलं वर्कशॉप आहे. तिथे आपली सायकल आपणच दुरुस्त करता येते, पैसे द्यावे लागतात ते फक्त सामानाचे. सुरुवातीला मुख्यतः विद्यार्थी यायचे, आता येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे आहेत. वर्कशॉप उघडतं ते दुपारी 4 नंतरच, कारण मदत करणारे सगळे दिवसा कामावर असतात. सगळ्यांत वयस्कर मदतनिसाला हिवाळ्यात थांबायचं होतं, पण त्याने विचार बदलला.

पहिलं विधान: "डी बेनुत्सुंग डेर वेर्कश्टाट इस्ट कोस्टेनलोस." वर्कशॉप वापरणं फुकट आहे. मैत्रिणीचा नियम लावला तर 'कोस्टेनलोस' हा शब्द मजकुरात नाही, म्हणजे तिसरा चौकोन. घाईत वाचणाऱ्याला 'बेत्सालेन' दिसेल, पैसे द्यावे लागतात, म्हणजे फाल्श. दोघंही चुकले. वाक्यात 'नूर' आहे. फक्त सामानाचे पैसे, म्हणजे जागेचे आणि अवजारांचे नाहीत. उत्तर रिश्टिश. विधानातला शब्द मजकुरात नाही आणि मजकुरातला शब्द उलट्या दिशेला खेचतोय, हा पेपर काढणाऱ्यांचा लाडका सापळा आहे.

दुसरं: "होइटे कोमेन फोर आलेम युंगे लॉइटे." आज मुख्यतः तरुण लोक येतात. 'फोर आलेम' मजकुरात जसंच्या तसं सापडतं, त्याच्या शेजारी विद्यार्थीही आहेत आणि हात रिश्टिशकडे जातो. पण ते 'आम आन्फांग', सुरुवातीचं होतं. 'इन्त्स्विशेन' म्हणजे दरम्यानच्या काळात चित्र पालटलं. बोट ठेवायला जागा आहे: 'डी माइस्टेन युबर फ्युन्फत्सिश'. फाल्श. शब्द सापडण्यावर किती भरवसा ठेवायचा ते यातून दिसतं. जो शब्द अक्षरशः तसाच सापडतो, तिथे उलट जास्त सावध व्हायचं.

तिसरं: "डी त्साल डेर बेझूखर इस्ट गेश्टीगेन." येणाऱ्यांची संख्या वाढली. मजकुरात येणारे आहेत, तेव्हा आणि आता अशी तुलनाही आहे. पण बदललंय ते कोण येतं. किती येतात याबद्दल चकार शब्द नाही. "संख्या वाढली" चालतं, "संख्या घटली" हेही चालतं. निश्ट इम टेक्स्ट. लक्षात घ्या, हा विषय मजकुरात आहे. 'मजकुरात नाही' याचा अर्थ विषयच नाही असा क्वचित असतो. बहुतेक वेळा विषय असतो, पण त्याची विचारलेली बाजू नसते. तुमच्या मैत्रिणीचा नियम इथे पुरता कोसळतो, कारण 'बेझूखर' मजकुरात ढळढळीत आहे.

चौथं: "फोर्मिटाग्स इस्ट डी वेर्कश्टाट गेश्लोसेन." सकाळी बंद असतं. ना सकाळ मजकुरात, ना 'बंद'. पण 'एर्स्ट आप झेश्त्सेन ऊर' म्हणजे 4 नंतरच, त्याआधी नाही. सकाळ त्याआधीच येते. रिश्टिश. इथे आपल्याला मराठीची आयती मदत आहे. 'एर्स्ट' आणि 'नूर' यांचं भाषांतर करताना मराठीचा 'च' लावून वाचायचं: चारनंतर*च*, सामानाचे*च*. 'आउख'ला 'ही'. 'मिन्डेस्टेन्स'ला 'निदान'. इंग्रजीतून अर्थ लावणारी मुलं इथे धडपडतात. आपल्याकडे हे एका अक्षरात बसतं, आणि तो 'च' ऐकू आला की उत्तर समोर येतं.

पाचवं: "डी हेल्फर बेकोमेन फ्युर ईरे आर्बाइट इन डेर वेर्कश्टाट काइन गेल्ट." मदत करणाऱ्यांना वर्कशॉपमधल्या कामाचे पैसे मिळत नाहीत. माझ्या अंदाजाने तुमचे मार्क अशाच विधानांवर जात असावेत, म्हणून इथे जरा थांबू. ते दिवसा दुसरीकडे नोकरी करतात, त्यांना 'हेल्फर' म्हटलंय, लोकांकडून वर्कशॉप वापरण्याचे पैसे घेत नाहीत. तीन धागे एकत्र विणले की 'सेवा म्हणून करतात' हे चित्र आपोआप तयार होतं, आणि प्रत्यक्षात ते खरं असण्याची शक्यताही बरीच आहे. पण चाचणी लावा. "त्यांना पैसे मिळतात", नगरपालिकेकडून दरमहा थोडं मानधन मिळतं असं समजा. ते या पाच वाक्यांपैकी कुणाशी भांडतं? कुणाशीच नाही. निश्ट इम टेक्स्ट. मजकुरात 'एरेनआम्टलिश' हा एक शब्द असता, म्हणजे विनामोबदला, तर उत्तर रिश्टिश झालं असतं. 'आयने क्लाइने बेत्सालुंग' असता, म्हणजे थोडासा मोबदला, तर फाल्श. आज दोन्ही नाहीत.

सहावं: "डेर एल्टेस्टे हेल्फर हाट इम विंटर आउफगेह्योर्ट." सगळ्यांत वयस्कर मदतनिसाने हिवाळ्यात काम सोडलं. 'वोल्टे' म्हणजे इच्छा होती, मनात होतं. ते घडलं का? पुढच्या अर्ध्या वाक्यात उत्तर आहे, 'हाट एस झिश आबर आन्डर्स युबरलेक्ट', विचार बदलला. फाल्श. आता गंमत म्हणून स्वल्पविरामानंतरचा तुकडा झाकून बघा. नुसतं "वोल्टे इम विंटर आउफह्योरेन" उरलं तर त्याने सोडलं की नाही ते कळतच नाही, आणि उत्तर निश्ट इम टेक्स्ट होतं. म्हणून 'वोल्टे' दिसलं की वाक्य संपेपर्यंत, आणि पुढचंही एक वाक्य, वाचल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. 'झोल' हा त्याचाच भाऊ. "एर झोल क्रांक झाइन" म्हणजे "तो आजारी आहे म्हणे". ते 'म्हणे' ऐकू आलं पाहिजे, कारण तिथे मजकूर स्वतः खात्री देत नाहीये. ("इम हेर्ब्स्ट झोल आयन कुर्स बेगिनेन" मधला 'झोल' वेगळा, तिथे कोर्स सुरू करायचं ठरलंय. संदर्भावरून कळतं.)

लहान शब्दांची लांबलचक यादी देत नाही, क्लासच्या वहीत ती असेलच. फक्त एक आपल्याकडची गल्लत सांगते. जर्मन 'हाल्प आख्ट' म्हणजे साडेसात, आठाकडे जाताना अर्ध्या वाटेवर. आपण 'हाल्प' आणि 'आख्ट' ऐकून साडेआठ करतो. मजकुरात 'हाल्प आख्ट' आणि विधानात साडेआठची वेळ असली, की मराठी मुलांचा रिश्टिश ठरलेला.

विधान लांबलचक असेल तर त्याचे तुकडे करा: कोण, काय, कधी, किती, का. प्रत्येक तुकड्याला मजकुरात स्वतःची जागा मिळाली पाहिजे. सगळे जुळले तर रिश्टिश. एक तुकडा जरी मजकुराशी भांडला तरी अख्खं विधान फाल्श, मग बाकीचे जुळोत नाहीतर मजकुरात नसोत. एकही भांडत नाही पण एखाद्याला जागाच मिळत नाही, तर निश्ट इम टेक्स्ट. सर्वांत जास्त चकवतो तो 'का'चा तुकडा. "विद्यार्थी येईनासे झाले कारण वर्कशॉप उशिरा उघडतं" असं विधान आलं तर उशिरा उघडणं मजकुरात आहे, विद्यार्थी कमी झाल्याचा भासही होतो, पण त्या दोन गोष्टींना जोडणारा 'कारण' कुठेच नाही. मजकुरातला 'वाइल' वेगळ्याच गोष्टीला बांधलेला आहे.

दहात तीनच्या हिशोबाबद्दल. असा कुठलाही नियम नाही. तुमच्या पेपरात तीन चौकोनांपैकी प्रत्येक जण एकदा तरी येईल एवढं धरून चालायला हरकत नाही, त्यापुढे मोजण्यात अर्थ नाही. मोजणीचा एकच उपयोग: तुमच्या उत्तरांत सहा-सात 'निश्ट इम टेक्स्ट' झाले असतील तर समानार्थी शब्द निसटतायत, परत बघा. आणि एकही नसेल तर तुम्ही मजकुराच्या रिकाम्या जागा स्वतःच भरून काढताय.

मजकुरात *नसलेली* गोष्ट शोधायची कुठे आणि थांबायचं कधी, हा खरा वेळखाऊ प्रश्न. विधानं बहुतेक मजकुराच्या क्रमाने येतात. म्हणून जी विधानं खात्रीची आहेत ती आधी सोडवा आणि त्यांच्या पुराव्याखाली रेघ मारून विधानाचा आकडा लिहा. चौथ्याची रेघ दुसऱ्या परिच्छेदात आणि सहाव्याची तिसऱ्याच्या मध्यावर असेल, तर पाचव्याची जागा त्या दोन रेघांच्या मध्ये. तेवढ्या पाच-सात ओळी दोनदा सावकाश वाचा. काही भांडलं नाही, काही जुळलं नाही, तर तिसरा चौकोन भरून पुढे जा. अख्खं पान पुन्हा पुन्हा चाळणाऱ्याला चौथ्या फेरीत काहीतरी 'सापडतंच', आणि ते सहसा त्याच्या डोक्यातलं असतं. क्रम हा कायदा नाही, कधी शेवटचं विधान सगळ्या मजकुराबद्दल असतं, पण शोधाला कुंपण घालायला तो पुरतो.

तुमच्या 20 मिनिटांत हे असं बसतं: पहिली 2 मिनिटं विधानं वाचायला, प्रत्येकातल्या ज्या शब्दावर उत्तर फिरेल त्याला गोल करायला. मग 4 मिनिटं मजकूर सलग, न थांबता. मग 10 ते 11 मिनिटं विधानं, आणि उरलेली तीनेक मिनिटं फक्त शंकेच्या विधानांना. रिकामं काही ठेवू नका. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नसतील तर रिकामा चौकोन म्हणजे फुकट घालवलेली संधी. कापतात का, ते सरांना एकदा विचारून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, शब्द कमी आहेत का. ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. आतापर्यंत सोडवलेल्या तीन-चार सरावपत्रिका काढा, म्हणजे 30-40 विधानं होतील. वहीत तीन उभे आणि तीन आडवे असे नऊ रकाने आखा: आडव्या ओळीत तुमचं उत्तर, उभ्यात खरं उत्तर. प्रत्येक विधानाची एक काडी योग्य रकान्यात मारा. काड्या कुठे गर्दी करतात ते बघा.

तुम्ही 'निश्ट इम टेक्स्ट' लिहिलंत आणि खरं उत्तर रिश्टिश होतं, अशा काड्या जास्त असतील तर सर बरोबर आहेत, दुसऱ्या शब्दांत सांगितलेली तीच गोष्ट तुम्हाला ओळखू येत नाहीये. मग सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा जोड्या करा: 'नूर माटेरिआल बेत्सालेन' आणि 'कोस्टेनलोस', 'एर्स्ट आप झेश्त्सेन ऊर' आणि 'फोर्मिटाग्स गेश्लोसेन'. जोडीतल्या दोन टोकांत सामाईक शब्द एकही नको. तुम्ही फाल्श किंवा रिश्टिश लिहिलंत आणि खरं निश्ट इम टेक्स्ट होतं, अशी गर्दी असेल तर शब्दांचा संबंध नाही, तुम्ही अनुमान करताय, आणि त्यावर औषध मराठी वर्तमानपत्रातच आहे: रोज एक छोटी बातमी घ्यायची, घरातल्या कुणालातरी पाच विधानं करायला सांगायचं, त्यातली दोन बातमीत नसलेली पण पटण्यासारखी. आठवडाभर. आणि तुमचं निश्ट इम टेक्स्ट पण खरं फाल्श, अशा काड्या असतील तर 'वोल्टे', 'काउम', 'इन्त्स्विशेन' असले छोटे शब्द डोळ्यांखालून सटकतायत.

तुमच्या पत्रावरून मला दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे अनुमानाच्या काड्यांची गर्दी दिसेल असं वाटतं. नर्सिंगच्या कामात अर्धवट माहितीवरून पुढचं ताडणं हा गुण असतो, या पेपरात तो आडवा येतो.

राहिली पुण्याची परीक्षा. इथे एक गोष्ट कदाचित तुम्हाला कुणी स्पष्ट सांगितलेली नाही. गोएथेच्या बी-वनच्या वाचनात हा तिसरा चौकोन नाहीच. वाचनाला 65 मिनिटं, पाच भाग, एकूण 30 प्रश्न, आणि पास व्हायला या विभागात 100 पैकी 60 गुण. पहिल्या भागात 6 विधानं, पर्याय फक्त रिश्टिश आणि फाल्श, त्याला सुचवलेला वेळ 10 मिनिटं. चौथ्या भागात 7 जणांची मतं, आणि प्रत्येकापुढे या व्यक्तीचा अमुक गोष्टीला पाठिंबा आहे का, यावर 'या' की 'नाइन'. वेळ 15 मिनिटं. टेल्क या दुसऱ्या परीक्षेच्या बी-वनच्या वाचनातही तीन चौकोन येत नाहीत. तीन पर्यायांचा प्रकार भेटतो तो वरच्या पायऱ्यांवर, टेल्कच्या 'सी-वन होखशूले'मध्ये किंवा टेस्टडाफच्या कागदी परीक्षेत तिसऱ्या मजकुरावर. तुमचा क्लास तो बी-वनला घेतो ते चांगलंच आहे, कारण बोट ठेवायची सवय लागते, पण त्यातल्या 5-6 मार्कांवरून गोएथेची तारीख बदलणं म्हणजे एका पेपरचा निकाल दुसऱ्या पेपरवर लावणं आहे.

सवय मात्र थोडी बदलावी लागेल. दोनच पर्याय असताना बोट ठेवायला जागा मिळाली नाही, तर आधी समजायचं की आपण चुकीच्या ओळींत शोधतोय. पुन्हा शोधूनही विधानाला आधार देणारं काहीच मिळालं नाही, तर फाल्श लिहून पुढे जायचं. चौथ्या भागात सापळा निराळा असतो: माणूस आधी समोरच्याचं थोडं मान्य करतो आणि मग आपलं सांगतो. "त्स्वार... आबर..." दिसलं की मराठीत "आहे खरं, पण..." असं म्हणून बघा. मत 'पण'च्या पुढे असतं. 'त्स्वार'पाशी थांबलेला 'या' लिहितो, आणि पुढे 'नाइन' वाट बघत असतो.

म्हणून तारीख आत्ता ढकलू नका. या रविवारी नऊ रकाने भरा आणि दुसऱ्या दिवशी गोएथेच्या संकेतस्थळावरची बी-वनची नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, 65 मिनिटांत, उत्तरपत्रिकेवर उत्तरं उतरवण्यासकट, कारण तो वेळ वेगळा मिळत नाही. 30 पैकी 20 च्या वर गेलात तर नाव नोंदवून टाका. 15 च्या आसपास राहिलात तर चुका कोणत्या भागात आहेत ते बघा. त्या दुसऱ्या आणि पाचव्या भागात, म्हणजे अ-ब-क पर्यायांच्या प्रश्नांत असतील, तर तुमची अडचण तिसऱ्या चौकोनाची नव्हतीच. मला पुन्हा लिहा, ते रकाने आणि ती पत्रिका सोबत जोडून.